भेटीची वेळ मागावी की एक साधा प्रश्न विचारावा? अनोळखी ग्राहकाला लिहिलेल्या पहिल्या मेलचा शेवट

नव्याने धंदा सुरू केलेला माणूस अनोळखी कारखान्याला पहिला मेल लिहितो तेव्हा त्याचा सगळा जीव वरच्या परिच्छेदांत गुंतलेला असतो. आपण कोण, आपला अनुभव किती, आपल्याकडे कोणती उपकरणे आहेत, हे तो तीनतीनदा तपासतो आणि शेवटची ओळ मात्र हाताला सवयीने येते तशी लिहून टाकतो: "तरी कृपया भेटीसाठी आपली सोयीची वेळ कळवावी, ही विनंती." विक्रीच्या भाषेत या शेवटच्या मागणीला 'कॉल टू अ‍ॅक्शन' म्हणतात, म्हणजे मेल वाचून झाल्यावर वाचणाऱ्याने नेमके काय करावे अशी आपली अपेक्षा आहे ते सांगणारे वाक्य. उत्तर येणे किंवा न येणे बऱ्याच अंशी या एका वाक्यावर ठरते. ते कसे निवडावे, हे एका उदाहरणाच्या आधाराने पायरीपायरीने पाहू.

समजा, भोसरीत चार माणसांचा एक छोटा उद्योग आहे. कारखान्यांमधील दाबाच्या हवेच्या म्हणजे कॉम्प्रेस्ड एअरच्या लाइनींमधील गळती शोधून देणे, हे त्यांचे काम. कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा पाइप, जोड, नळ्या आणि फिटिंग यांमधून सतत थोडी थोडी निसटत असते. ती दिसत नाही आणि तिला वास नसतो. कारखान्याच्या गोंगाटात ती ऐकूही येत नाही, पण ती तयार करायला लागलेली वीज बिलात येते. या उद्योगाला भोसरी, पिंपरी आणि चाकण या पट्ट्यातील मध्यम कारखान्यांच्या मेंटेनन्स विभागाच्या प्रमुखांना लिहायचे आहे. ओळख नाही, कोणाची शिफारसही नाही.

पहिली पायरी: आपल्या मागणीचा भार मोजा

भेटीची विनंती लिहिणाऱ्याला अगदी माफक वाटते, कारण त्याच्या डोळ्यांसमोर वीस मिनिटे आणि एक कप चहा असतो. वाचणाऱ्याच्या बाजूने तीच विनंती कशी दिसते ते कागदावर लिहून काढा. मेंटेनन्स प्रमुखाला आधी आठवड्याचे वेळापत्रक आठवावे लागते, आणि त्याच्या वेळापत्रकाला अर्थ नसतो, कारण कोणती मशीन कधी बंद पडेल हे त्याच्या हातात नसते. वेळ दिली की गेटवर सिक्युरिटीला कळवायचे आणि पास काढायचा. आलेल्या माणसासमोर बसून त्याचे ऐकायचे, आणि काम नको असेल तर ते त्याच्या तोंडावर सांगायचे. ही शेवटची गोष्ट आपल्याकडे फार जड जाते, आणि ती टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मेलला उत्तरच न देणे. त्याशिवाय आणखी एक शंका त्याच्या मनात असते: बाहेरच्या माणसाला आत आणले आणि त्याने वरिष्ठांसमोर "तुमच्याकडे पंचवीस टक्के हवा वाया जाते" असे म्हटले, तर त्याची जबाबदारी कोणाच्या माथी येणार?

म्हणजे एका ओळीच्या विनंतीमागे पाचसहा कामे आणि एक धास्ती दडलेली असते. "सोयीची वेळ कळवावी" या नम्र शब्दांनी हा भार कमी होत नाही. उलट वेळ शोधण्याचे कामही त्याच्यावरच पडते. हल्ली काही जण वेळ निवडण्यासाठी कॅलेंडरची लिंक देतात. ओळख झाल्यावर ती सोयीची आहे, पण पहिल्याच मेलमध्ये ती दिली की "माझ्या डायरीतली रिकामी जागा तुम्हीच बघून घ्या" असा तिचा सूर लागतो. या पट्ट्यातील मंडळींना तो रुचताना मी तरी फारसा पाहिलेला नाही.

आपल्या पारंपरिक पत्रलेखनाचाही यात थोडा दोष आहे. "योग्य ती कार्यवाही व्हावी", "आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे", "कळावे" अशा शेवटांवर आपले लेखन पोसले गेले आहे. हे शेवट सभ्य आहेत, परंतु त्यातून वाचणाऱ्याला काय करायचे ते समजत नाही. भेटीची विनंती निदान काहीतरी ठोस मागते, तर हे शेवट काहीच मागत नाहीत आणि म्हणून त्यांना काहीच मिळत नाही.

दुसरी पायरी: ज्याचे उत्तर त्याच्या डोक्यात आधीच आहे असा प्रश्न शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा. भेटीऐवजी प्रश्न विचारायचा एवढे ठरवून भागत नाही, कारण वाईट प्रश्नाचा भार भेटीपेक्षाही जास्त असू शकतो. आपल्या भोसरीच्या उद्योगाने केलेले पहिले चार प्रयत्न पाहा.

पहिला प्रश्न होता, "आपल्याला वीजबिल कमी करायला आवडेल का?" याचे उत्तर सगळ्या जगाला माहीत आहे, आणि म्हणूनच ते कोणी देत नाही. असा प्रश्न हा प्रश्नाच्या कपड्यांतली जाहिरात असतो आणि वाचणाऱ्याला ते लगेच ओळखू येते.

दुसरा प्रश्न होता, "आपल्या एअर सिस्टिममध्ये गळती किती टक्के आहे?" हा विषयाला धरून आहे, पण त्याचे उत्तर देण्यासाठी त्या माणसाला चाचणी घ्यावी लागेल. चाचणी घेतलेली नसेल तर "माहीत नाही" असे अनोळखी माणसाला लिहून कळवावे लागेल, आणि ते कोण कशाला कळवेल? तिसऱ्या प्रश्नात महिन्याचे वीजबिल विचारले होते. तो आकडा त्याला माहीत असतो, पण तो बाहेर देण्याचा अधिकार बहुधा त्याला नसतो. प्रश्न सोपा असूनही उत्तर अडते, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही.

चौथा प्रश्न बऱ्यापैकी जवळ आला: "रविवारी कारखाना बंद असताना आपला कॉम्प्रेसर लोडवर येतो का?" याच्यामागचे तंत्र पक्के आहे. स्क्रू कॉम्प्रेसर ठरलेल्या दाबापर्यंत हवा भरतो, मग 'अनलोड' होऊन रिकामा फिरतो, आणि दाब खाली आला की पुन्हा 'लोड'वर येतो. हवा वापरणारी एकही मशीन चालू नसताना तो लोडवर येत असेल, तर हवा कुठून तरी निसटते आहे, हे उघड आहे. तरीही या प्रश्नात दोन चुका आहेत. पिंपरी, भोसरी या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे "रविवारी" हा एक शब्दच लिहिणारा बाहेरचा आहे असे सांगून जातो. दुसरी चूक अशी की सुट्टीच्या दिवशी पुष्कळ ठिकाणी कॉम्प्रेसर बंदच ठेवतात, त्यामुळे बहुतेकांचे उत्तर "आमचा बंद असतो" असे येणार आणि त्यातून पुढे काही कळणार नाही.

शेवटी ठरलेला प्रश्न असा: "जेवणाच्या सुट्टीत, सगळी मशीन थांबलेली असताना, आपला कॉम्प्रेसर मधूनमधून लोडवर जातो का?" मेंटेनन्सच्या माणसाला याचे उत्तर शोधावे लागत नाही, कारण लोडवरचा जड आवाज आणि अनलोडवरचा हलका आवाज त्याच्या कानात बसलेला असतो. शॉप शांत झाल्यावर तो आवाज त्याने शेकडो वेळा ऐकलेला आहे. उत्तर देण्यासाठी त्याला कोणाला विचारावे लागत नाही, कोणती गुप्त माहिती द्यावी लागत नाही, आणि "हो" म्हटल्याने त्याचा कमीपणाही दिसत नाही, कारण थोडी गळती प्रत्येक कारखान्यात असते. फोनवर अंगठ्याने "हो, जातो" एवढे लिहिले तरी उत्तर पूर्ण होते.

आपल्या क्षेत्रातला प्रश्न शोधताना हीच गाळणी वापरा. वाचणाऱ्याला त्याच्या जागेवरून न उठता, दहा सेकंदांत, कोणाची परवानगी न घेता आणि कसलीही लाज न वाटता उत्तर देता यायला हवे. शिवाय "हो" आणि "नाही" या दोन्ही उत्तरांनंतर काय करायचे ते तुम्हाला माहीत असायला हवे. यातली शेवटची अट सर्वाधिक वेळा विसरली जाते. ज्या प्रश्नाच्या एकाच उत्तराची तुम्ही वाट पाहत आहात, तो प्रश्न वाचणाऱ्याला सापळ्यासारखा वाटतो.

कामाच्या माणसांशी बोलल्याशिवाय असा प्रश्न सहसा सुचत नाही. "रविवार" जाऊन "जेवणाची सुट्टी" आली ती एखाद्या ऑपरेटरशी पाच मिनिटे बोलल्यामुळेच येऊ शकते. टेबलाशी बसून शब्द गुळगुळीत केल्याने ती येत नाही.

येथे जुन्या संशोधनातला एक तपशील उपयोगी आहे. जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील गृहिणींना एक मोठी विनंती केली होती: पाचसहा पुरुष त्यांच्या घरी येऊन दोन तास घरातील वस्तूंची यादी करणार, त्याला संमती द्यावी. ज्यांना ही विनंती थेट केली, त्यांपैकी सुमारे २२ टक्के बायकांनी होकार दिला. ज्यांनी तीन दिवस आधी फोनवर साबणांविषयीच्या काही साध्या प्रश्नांची उत्तरे दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ५३ टक्के निघाले. हा भाग बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो. मला त्यातला तिसरा गट जास्त महत्त्वाचा वाटतो. या गटाला प्रश्नांची उत्तरे द्याल का एवढेच विचारले, त्यांनी हो म्हटले, पण प्रश्न काही विचारले नाहीत. पुढे मोठ्या विनंतीला या गटातून सुमारे ३३ टक्केच होकार आले. म्हणजे "रस आहे का?" याला मिळालेला "हो" आणि खऱ्या प्रश्नाला दिलेले खरे उत्तर यांत फरक आहे. तो प्रयोग घरगुती ग्राहकांवरचा आणि फोनवरचा होता, त्यामुळे त्याचे आकडे कारखान्यांच्या मेलला लावू नयेत. मात्र "आपल्याला यात रस आहे का?" हा सोपा शेवट लिहिण्याआधी त्याहून नेमका प्रश्न सापडतो का, हे पाहण्याला त्यातून आधार मिळतो.

तिसरी पायरी: मेल प्रश्नाभोवती बांधा

प्रश्न सापडला की मेलमधला बराचसा मजकूर आपोआप अनावश्यक ठरतो, कारण आता मेलला तो प्रश्न का विचारला एवढेच पटवायचे असते. संस्थेचा इतिहास, प्रमाणपत्रांची यादी, माहितीपत्रकाची जोडलेली फाइल, हे सगळे पहिल्या मेलमधून काढून टाकावे. आपल्या उदाहरणातला मेल पुढीलप्रमाणे होईल.

> विषय: जेवणाच्या सुट्टीतला कॉम्प्रेसर
>
> नमस्कार सर,
>
> आम्ही भोसरीत कॉम्प्रेस्ड एअरच्या लाइनींमधील गळती शोधण्याचे काम करतो. आपल्याकडे प्रेस शॉप आणि असेंब्ली या दोन्ही ठिकाणी हवेचा वापर आहे, असे आपल्या संकेतस्थळावरील माहितीवरून दिसले, म्हणून लिहीत आहे.
>
> सगळी मशीन थांबलेली असतानाही कॉम्प्रेसर लोडवर जात असेल, तर त्या वेळेवरून गळतीचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. त्यासाठी घड्याळाखेरीज कोणतेही उपकरण लागत नाही.
>
> जेवणाच्या सुट्टीत आपला कॉम्प्रेसर मधूनमधून लोडवर जातो का?
>
> आपला,
> (नाव, उद्योगाचे नाव, फोन)

प्रश्न स्वतंत्र ओळीत आणि सर्वांत शेवटी आहे. त्याच्यानंतर "तसेच आपली सोयीची वेळ कळवल्यास प्रत्यक्ष भेटून माहिती देता येईल" असे एकही वाक्य जोडलेले नाही. ते जोडण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण भेट मागितली नाही तर संधी वाया गेल्यासारखी वाटते. परंतु एका मेलमध्ये दोन मागण्या ठेवल्या की वाचणारा जड मागणीवरून मेलचे वजन ठरवतो, आणि हलका प्रश्नही तिच्याबरोबर बाजूला पडतो.

"नमस्कार सर" की "आदरणीय महोदय", मराठीत लिहायचे की इंग्रजीत, हे वाचणाऱ्यावरून ठरवावे. या पट्ट्यात मेंटेनन्सचे प्रमुख अनेकदा महाराष्ट्राबाहेरचे असतात आणि कार्यालयीन मेल बहुधा इंग्रजीत चालतात. भाषा कोणतीही असो, प्रश्न मात्र शॉपमध्ये तो माणूस ज्या शब्दांत बोलेल त्याच शब्दांत असावा. मराठी मेलमध्येही "लोडवर जातो" असेच लिहावे. त्याऐवजी "भारित अवस्थेत कार्यरत होतो" असे लिहिले, तर त्याला आधी वाक्याचे भाषांतर करावे लागेल आणि मग उत्तर द्यावे लागेल. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी पाठवलेला मेल सुट्टीनंतरच्या गर्दीत खाली जातो, म्हणून ज्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी आहे त्याला बुधवारी संध्याकाळी मेल पाठवू नये.

चौथी पायरी: उत्तर येण्याआधीच दुसरा मेल लिहून ठेवा

साध्या प्रश्नाचा एक तोटा आहे. त्याला उत्तरे येतात, पण ती उत्तरे कुठेच न जाता विरून जाऊ शकतात. "हो, जातो" असे उत्तर आले, त्यावर "धन्यवाद सर, मग भेटायला कधी येऊ?" असे लिहिले, की वाचणाऱ्याला वाटते की प्रश्न हा नुसता गळ होता. जो भार पहिल्या मेलमधून काढला होता तो दुसऱ्या मेलमध्ये एकदम टाकल्यावर शांतता पसरते, आणि मग "लोकांना प्रश्न विचारून काही उपयोग नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

म्हणून "हो" या उत्तरानंतर आधी काहीतरी द्यावे. आपल्या उदाहरणात ते असे: "पुढच्या सुट्टीत सगळी मशीन थांबलेली, पण त्यांच्यापर्यंतची हवेची लाइन चालू असताना, कॉम्प्रेसर किती सेकंद लोडवर राहतो आणि किती सेकंद अनलोडवर, हे चारपाच फेऱ्या मोजून सरासरी काढा. लोडचा वेळ भागिले लोड व अनलोडच्या वेळांची बेरीज, गुणिले शंभर, ही गळतीची टक्केवारी. मोजलेले दोन आकडे पाठवलेत तर हिशोब करून पाठवतो." ही मागणी पहिल्या प्रश्नापेक्षा जड आहे, कारण आता त्याला उठून कॉम्प्रेसर रूममध्ये जायचे आहे. पण ते काम त्याच्या स्वतःच्या उपयोगाचे आहे, आणि तुम्ही त्याला सूत्रच देऊन टाकल्यामुळे तुमच्याशिवायही ते करता येते. नवख्यांना हे देऊन टाकणे जिवावर येते. मात्र गळती किती आहे हे कळणे आणि ती शेकडो जोडांपैकी नेमकी कुठे आहे हे सापडणे यांत मोठे अंतर आहे, आणि तुमचा व्यवसाय त्या अंतरातच आहे.

समजा, त्याने कळवले की लोड ९० सेकंद आणि अनलोड २७० सेकंद. ९० भागिले ३६० म्हणजे २५ टक्के. कॉम्प्रेसर ५५ किलोवॅटचा असेल तर भोळा हिशोब गळतीवर जाणारी वीज १४ किलोवॅटच्या आसपास दाखवतो. परंतु अनलोडवर असतानाही स्क्रू कॉम्प्रेसर पूर्ण भाराच्या साधारण पाव ते एकतृतीयांश वीज खात असतो, त्यामुळे गळती थांबवून प्रत्यक्षात वाचणारी वीज १० किलोवॅटच्या आसपास धरावी. वर्षाला ६,००० तास काम आणि युनिटला ८ रुपये धरले, तर हा आकडा ६०,००० युनिट आणि ४ लाख ८० हजार रुपये होतो. सगळी गळती कधीच बंद होत नाही. निम्मी बंद झाली तरी वर्षाला सुमारे २ लाख ४० हजार रुपये वाचतील. उत्तरात हा निम्मा आकडाच लिहावा, आणि अनलोडची सूट का दिली तेही लिहावे. मेंटेनन्सच्या माणसाला ती सूट माहीत असते, आणि ती न देणारा विक्रेताही त्याला चांगलाच माहीत असतो.

आता भेट मागण्याची वेळ आली. या टप्प्यावर मात्र मागणी सैल ठेवू नये. "कधीतरी भेटूया" किंवा "सोयीची वेळ कळवा" असे न लिहिता, "मंगळवारी सकाळी ११ वाजता किंवा बुधवारी दुपारी ३ वाजता अर्ध्या तासासाठी येऊ का? तुमच्या टेबलाशी बसण्यापेक्षा कॉम्प्रेसर रूमपासून पहिल्या शॉपपर्यंतची लाइन पाहतो" असे लिहावे. दोन वेळा दिल्याने त्याला शोधावे लागत नाही, निवडावे लागते. आणि आत येऊन काय करणार हे कळल्यामुळे त्याला गेटवर काय सांगायचे तेही कळते.

बाकीच्या उत्तरांचीही तयारी हवी. "नाही, जात नाही" असे उत्तर आले, तर त्या कारखान्यात गळती कमी असण्याची शक्यता खरोखरच आहे. तेव्हा आभार मानून "मग आपल्या लाइनी चांगल्या सांभाळलेल्या दिसतात" असे लिहावे आणि थांबावे. फार तर सहा महिन्यांनी पुन्हा विचारावे. "तरीही एकदा तपासून घ्यायला काय हरकत आहे" असे लिहिले, की आपला प्रश्न खोटा होता हे आपणच कबूल केल्यासारखे होते. "आमचा व्हीएफडी आहे" असे उत्तर आले, तर ते उत्तम उत्तर समजावे: असा कॉम्प्रेसर वेग कमीजास्त करून चालतो, त्याला लोड-अनलोडची मोजणी लागू पडत नाही, आणि ज्याने हे लिहिले तो बोलायला तयार आहे. त्याला सगळी मशीन थांबलेली असताना पॅनेलवर कॉम्प्रेसर किती टक्क्यांवर चालतो, तेवढे विचारावे. "परचेसशी बोला" असे उत्तर आले, तर नाव विचारून मोकळे व्हावे. परचेसच्या माणसाला लोड-अनलोडचा प्रश्न मात्र विचारू नये, कारण त्याच्या डोक्यात त्याचे उत्तर नसते.

भेट थेट केव्हा मागावी

प्रश्न नेहमीच भेटीपेक्षा चांगला, असे नाही. कारखान्याने स्वतः चौकशी केली असेल, किंवा त्यांच्याच पुरवठादाराने किंवा जुन्या सहकाऱ्याने तुमचे नाव सुचवले असेल, तर त्यांनी पहिली पायरी ओलांडलेली असते. अशा वेळी "कॉम्प्रेसर लोडवर जातो का?" असे विचारत बसणे म्हणजे दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला नाव विचारण्यासारखे आहे. थेट दोन वेळा देऊन भेट मागावी. विक्रीच्या संभाषणांचा अभ्यास करणाऱ्या गाँग या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणातही हाच भेद दिसला होता: अनोळखी माणसाला पाठवलेल्या मेलमध्ये रस आहे का असे विचारणारा शेवट नेमकी वेळ मागणाऱ्या शेवटापेक्षा सरस ठरला, तर बोलणी सुरू झाल्यावर नेमकी वेळ मागणारा शेवट चांगला चालला.

दुसरा अपवाद पदाचा. प्लांट हेड किंवा मालक यांना जेवणाच्या सुट्टीतल्या कॉम्प्रेसरचा आवाज माहीत असेलच असे नाही. त्यांच्यासाठी हलका प्रश्न वेगळा असतो: "हवेच्या लाइनींचे काम आपल्याकडे कोण पाहते?" मालकाकडून खाली आलेला मेल मेंटेनन्सच्या माणसाला आदेशासारखा वाटू शकतो, आणि मग तो उत्तर देतो पण मनातून तुमच्या विरुद्ध जातो. म्हणून शक्य असेल तेथे मी आधी त्या कामाच्या माणसालाच लिहीन.

मोजणी कशाची करावी

आलेल्या उत्तरांवरून शेवट चांगला की वाईट हे ठरवणे सोपे आहे आणि बहुधा चुकीचे आहे. हलक्या प्रश्नाला जास्त उत्तरे यावीत, हे अपेक्षितच आहे. म्हणून पाठवलेल्या मेलमागे प्रत्यक्षात किती कारखान्यांच्या कॉम्प्रेसर रूमपर्यंत पोहोचलो, ते मोजावे. उत्तरे वीस आणि भेट एकही नाही, असे होत असेल तर दोष बहुधा प्रश्नात नसून दुसऱ्या मेलमध्ये आहे. उत्तरे येतात पण ती सगळी "धन्यवाद, गरज असल्यास कळवू" अशी असतील, तर वाचणाऱ्याने तुमच्या प्रश्नाचे उत्तर दिलेलेच नाही. त्याने तुमच्या जाहिरातीला उत्तर दिले आहे, आणि प्रश्न पुन्हा शोधावा लागेल.

छोट्या यादीवर दोन शेवटांची तुलना करण्याच्या फंदात पडू नये. तीस जणांना भेटीची विनंती आणि तीस जणांना प्रश्न पाठवला, एकीकडून दोन आणि दुसरीकडून पाच उत्तरे आली, तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. दोन्ही शेवट सारखेच असते आणि दहापैकी एक जण उत्तर देत असता, तरी तिसांच्या गटात एकपासून पाचपर्यंत कोणताही आकडा सहज आला असता. एवढ्या छोट्या यादीत आकड्यांपेक्षा उत्तरांचे शब्द जास्त शिकवतात. कोणी "जेवणाच्या सुट्टीत आमची अर्धी लाइन चालूच असते" असे लिहिले असेल, तर पुढच्या मेलमध्ये "शिफ्ट बदलताना" असे लिहून पाहावे.

उत्तर आलेच नाही तर

पाचसहा कामाचे दिवस जाऊ द्यावेत आणि त्याच मेलच्या साखळीत दुसरा मेल पाठवावा. "माझा मेल पाहिलात का?" हा प्रश्न विचारू नये. तो वाचणाऱ्याला केवळ अपराधी करतो. दुसऱ्या मेलमध्ये मागणी वाढवू नये, म्हणजे प्रश्नाला उत्तर आले नाही म्हणून भेट मागू नये. वरचे सूत्र दोन वाक्यांत देऊन तोच प्रश्न वेगळ्या जागेवरून विचारावा: "शिफ्ट बदलताना शॉप शांत असते तेव्हा कॉम्प्रेसरचा आवाज बदलतो का?" त्यालाही उत्तर आले नाही, तर आणखी दहा दिवसांनी तिसरा आणि शेवटचा मेल. त्यात एकच ओळ पुरे: "हे काम आपल्याकडे दुसरे कोणी पाहत असेल, तर त्यांचे नाव कळवाल का?" त्यानंतर तो कारखाना यादीतून सहा महिन्यांसाठी बाजूला ठेवावा आणि यादीत त्याच्या नावापुढे कोणता प्रश्न विचारला होता ते लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा जाणार नाही.